गारपीट सोसली, पण सांडलेला चहा सोसवेना: आधी झोपेचे तास मोजा

प्रश्न: नमस्कार. वय ३९, वर्धा जिल्ह्यातला कास्तकार आहे. रब्बीत हरभरा आणि गहू. लाईन आठवड्यातून चार रात्री रातचीच येते, वरून रानडुकरं, म्हणून ओलित आणि जागली दोन्ही मीच करतो. सकाळी सहाला घरी येतो, म्हशीचं पाहतो, नऊला डोळा लागतो तो साडेअकराला उघडतो. मचाणावर तासभर डुलकी होते तेवढीच. अलीकडे बारीकसारीक गोष्टीनं डोकं फिरते. परवा सात वर्षांच्या पोराच्या हातून चहाचा कप सांडला तर त्याच्या पाठीत रट्टा दिला. बायको गप्प बसली तरी वाटते, टोमणा मारून रायली. नवल म्हणजे गारपिटीनं तूर झोडपली तेव्हा मी शांत होतो, घरच्यांना धीर दिला. झोप येते म्हणावं तर तसंही नाही, सवय झाली आता. माह्या डोक्यात काही बिघाड तर नाही झाला?
— एक कास्तकार

उत्तर:

भाऊ, तुम्ही ज्याला नवल म्हणता, तीच तुमच्या पत्रातली सर्वांत मोठी खूण आहे. स्वभावच तापट झाला असता तर गारपिटीच्या दिवशी तो आधी दिसला असता. मोठ्या आघातात माणूस शांत आणि कपभर चहात आगडोंब, हे चित्र झोप तुटलेल्या माणसाचं आहे.

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१२ साली नेमकं हेच तपासलं होतं. निरोगी माणसांचे दोन गट केले. एका गटाला रात्रभर जागवलं, दुसऱ्याला झोपू दिलं. मग दोघांनाही आधी सोपं आणि नंतर खूप ताण येईल असं काम दिलं. अवघड कामात दोन्ही गट सारखेच वैतागले. फरक पडला तो सोप्या कामात. झोपलेल्यांना त्याचं काही वाटलं नाही, जागलेल्यांना मात्र त्यातही ताण आला, चिंता वाटली, राग आला. म्हणजे झोप गेली की मोठा राग आणखी मोठा होतो असं नाही, तर राग यायला जेवढं कारण लागतं तेवढं लागेनासं होतं. एरवी ज्याच्याकडे आपण पाहिलंही नसतं, तेही कारण पुरतं.

हे का होतं, ते थोडक्यात सांगतो. मेंदूत कानशिलाच्या आतल्या बाजूला अमिग्डाला नावाचा छोटा भाग असतो. धोका, अपमान, भीती यांची पहिली हाक तो देतो, आणि विचार सुरू होण्याआधीच देतो. कपाळामागचा भाग त्या हाकेला आवर घालतो, ‘अरे, लेकरू आहे, कप निसटला’ असं सांगतो. बैल आणि कासरा धरणारा, असं हे नातं आहे. २००७ साली झालेल्या एका प्रसिद्ध प्रयोगात २६ तरुणांना मेंदूच्या स्कॅनमध्ये ठेवून चित्रं दाखवली, साध्या चित्रांपासून अस्वस्थ करणाऱ्या चित्रांपर्यंत. ज्यांना सुमारे ३५ तास झोपू दिलं नव्हतं, त्यांचा अमिग्डाला झोपलेल्यांपेक्षा सुमारे ६० टक्के जास्त पेटला. त्याच वेळी कपाळामागच्या भागाशी असलेला त्याचा दुवा सैल पडला होता. बैल उधळला आणि कासराही हातात नाही, असं दोन्ही एकदम घडतं. म्हणूनच रट्टा बसल्यानंतर दुसऱ्या क्षणी पश्चात्ताप होतो. आवर घालणारा भाग मेलेला नसतो, तो उशिरा पोचतो.

बायकोच्या गप्प बसण्याचा अर्थही इथेच लागतो. जागरणानंतर मेंदूला साधं आणि बोचरं यांतला फरक नीट करता येत नाही. इस्रायलमधल्या एका अभ्यासात झोप न मिळालेल्यांचा अमिग्डाला ज्या चित्रांत काहीच भावनिक नव्हतं त्यांनाही भावनिक चित्रांसारखीच दाद देत होता. सकाळी सहाला दारात उभी असलेली बाई कदाचित फक्त दमलेली असते. तुम्ही परत येईपर्यंत शेतात साप, विंचू, डुक्कर या काळजीनं तिचीही रात्र अर्धी गेलेली असते. घरातल्या दोघांपैकी एकाचीही झोप बिघडली तर दुसऱ्या दिवशी जोडप्यात खटके वाढतात, असं अभ्यासांत दिसलं आहे. तुमच्याकडे दोघांचीही बिघडलेली असावी. त्यामुळे सकाळच्या तिच्या चेहऱ्यावरून काहीही निष्कर्ष काढू नका. विचारायचं असेल ते दुपारच्या झोपेनंतर विचारा.

आता ‘सवय झाली’ याबद्दल. आम्हाला सर्वांत जास्त काळजी या दोन शब्दांची वाटते. २००३ साली झालेल्या एका प्रयोगात लोकांना सलग १४ दिवस रोज चार, सहा किंवा आठ तास झोपू दिलं. चार आणि सहा तासवाल्यांची सावधपणाची कामगिरी दिवसागणिक घसरत गेली. शेवटी सहा तासवाले एक पूर्ण रात्र आणि चार तासवाले दोन पूर्ण रात्री जागलेल्या माणसाइतके मागे पडले. पण ‘झोप येते का’ असं विचारलं की उत्तर पहिल्या काही दिवसांनंतर जवळपास तेवढंच राहायचं. शरीर सावरत नाही, आपल्याला कळणं तेवढं थांबतं. म्हणून झोप आली की नाही यावर स्वतःला मापू नका. घड्याळाचे तास आणि दिवसातले खटके, ही दोनच मापं धरा.

तुमचंच गणित मांडून पाहू. रात्री दहा ते पहाटे पाच ही कास्तकाराची एरवीची झोप सात तासांची धरू. जागलीच्या दिवशी मचाणावरचा एक तास आणि घरचे अडीच मिळून होतात साडेतीन. रोजचा तुटवडा साडेतीन, आणि चार रात्रींचा चौदा तास. म्हणजे दर आठवड्याला दोन अख्ख्या रात्री गायब. उरलेल्या तीन रात्री सात-सात तास झोपलात तर त्या रात्रींपुरतं भागतं, मागचं फिटत नाही. हे आठवड्यामागून आठवडा चाललं की खटके वाढणारच.

शिवाय गेलेला भाग कोणता, हेही महत्त्वाचं. स्वप्नं पडतात ती झोप रात्रीच्या शेवटच्या टप्प्यात, पहाटे तीन ते सहाच्या सुमारास जास्त असते. दिवसभराच्या भावनांचा ताण हलका करण्यात ती मदत करते, असं बऱ्याच संशोधकांचं मत आहे. नेमक्या त्याच वेळी तुम्ही स्प्रिंकलरचे पाईप उचलत असता.

आता काय करायचं ते. सुरुवात शेतापासून करा, कारण रात्रच कमी झाली नाही तर बाकीचे उपाय तोकडे पडतात.

लाईन रात्री आहे म्हणून ओलितही रोज रात्री आहे, असं बरेचदा गृहीत धरलं जातं. भारी जमिनीत हरभऱ्याला साधारण दोन पाणी पुरतात. पहिलं फांद्या फुटताना, म्हणजे ३० ते ३५ दिवसांनी, आणि दुसरं घाटे भरताना, ६५ ते ७० दिवसांनी. जास्त दिलं तर पीक उभळतं, पानंच वाढतात. गव्हाला पाणी साधारण १८ ते २१ दिवसांच्या अंतरानं लागतं. कॅलेंडरवर ओलिताच्या रात्री लाल पेनानं आखा. त्या सोडून बाकीच्या रात्री फक्त जागलीच्या असतात, आणि जागली वाटून घेता येते. ओलितात हात दुसऱ्याला देणं अवघड, जागलीत नाही. हे दोन्ही एकच ओझं समजून एकट्यानं वाहिलं की सगळ्याच रात्री जातात.

धुऱ्याशेजारच्या कास्तकाराचीही हीच रड असणार. त्याच्याशी अर्ध्या रात्रीची वाटणी करा. एक जण दहा ते दोन, दुसरा दोन ते सहा. दोघांनी दोन्ही वावरांवर नजर ठेवायची, बॅटरी, शिट्टी आणि डबा वाजवायचा. पहिली पाळी असेल तर तुम्ही अडीचला घरी झोपून सातला उठाल, साडेचार तास मिळतील, तेही रात्रीचे. दुसरी पाळी असेल तर नऊ ते दीड झोपून जा आणि परतल्यावर सव्वासहा ते साडेआठ पुन्हा आडवे व्हा. ते पावणेसात तास होतात. पाळी रोज बदलू नका. एका आठवड्याच्या चारही रात्री एकच पाळी ठेवा, अदलाबदल पुढच्या आठवड्यात करा. वेळ रोज हलली तर शरीराचं घड्याळ कुठेच बसत नाही, आणि तास मिळूनही झोप लागत नाही.

ओलिताच्या रात्री पूर्ण जागरण टळणार नाही. त्या दिवसांसाठी सकाळचा क्रम उलटा करा. आता तुम्ही आधी गोठा, मग झोप असं करता. पण सूर्य वर चढला की शरीराचं तापमान चढतं, जागं ठेवणारी यंत्रणा जोर धरते आणि झोप आपोआप लहान होते. नऊला डोळा लागला की साडेअकराला उघडणार, त्यात तुमचा दोष नाही. हीच झोप सव्वासहाला सुरू झाली तर चार-साडेचार तासांपर्यंत जाऊ शकते. दूध काढणं टळत नसेल तर फक्त तेवढंच करा, किंवा त्या चार दिवसांपुरतं घरातलं दुसरं कोणी करेल असं ठरवा. शेण, वैरण, कडबा हे सगळं साडेदहानंतर.

वावरातून घरी येताना दुपट्टा डोळ्यांवर ओढून या. सकाळचा उजेड डोळ्यांत गेला की शरीर दिवस सुरू झाला असं समजतं. ओसरीवर झोपू नका, आतल्या खोलीत झोपा. खिडकीला जाड वाकळ किंवा काळं कापड लावा, पंखा थंडीतही भिंतीकडे तोंड करून चालू ठेवा, त्याच्या आवाजात बाहेरचे आवाज बुडतात. मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा. पोटात काही नसेल तर अर्धी भाकर आणि दूध घ्या, भरपेट जेवून लगेच आडवं होऊ नका.

दुपारी जेवणानंतर दोन ते साडेतीन ही दुसरी झोप. त्या वेळी शरीराला आपोआप सुस्ती येते, ती वाया घालवू नका. झोपायचं तर २० मिनिटं किंवा पूर्ण दीड तास. पाऊण तासानं उठलात तर गाढ झोपेतून उठल्यामुळे अर्धा तास डोकं जड राहील, आणि त्या अर्ध्या तासात घरात कोणाशी वाद नको. बरेच जण जागलीला जाण्याआधी संध्याकाळी सात-साडेसातला झोपायचा प्रयत्न करतात आणि कूस बदलत पडून राहतात. रोज रात्री दहाला झोपणाऱ्याचं शरीर संध्याकाळी चांगलंच जागं असतं. दुसऱ्या पाळीसाठी नऊला झोप लागायची तर दुपारची झोप त्या आठवड्यात २० मिनिटांचीच ठेवा.

ओलिताच्या दिवशी सकाळचे सव्वाचार आणि दुपारचे दीड मिळून पावणेसहा होतात. सात नाहीत, पण साडेतीन आणि पावणेसहा यांत खूप अंतर आहे.

चहा आणि खर्रा यांचाही हिशेब आहे. चहातलं कॅफिन शरीरातून निम्मं व्हायला साधारण पाच तास घेतं. सव्वासहाला झोपायचं असेल तर शेवटचा चहा रात्री एकच्या आधी. पहाटे चारला थर्मासमधला चहा प्यालात तर आडवं झाल्यावरही त्यातला बराचसा भाग रक्तात फिरत असतो. तंबाखूतलं निकोटीनही जागं ठेवतं. घरी येऊन खर्रा तोंडात टाकून आडवं व्हायची सवय असेल तर ती पहिली सोडा. आणि झोप यावी म्हणून दारूचा घोट कधीच नको. डोळा लवकर लागतो, पण अर्ध्या वेळानंतर झोप तुटत राहते.

हे सगळं बसायला दोन-तीन आठवडे लागतील. तोपर्यंत लेकराचं काय, हा प्रश्न उरतो, आणि त्याबाबत आम्ही स्पष्ट बोलतो. झोप कमी आहे हे रागाचं कारण आहे, हात उगारायची मुभा नाही. सात वर्षांच्या पोराला तुमचा तुटवडा कळत नाही, त्याला फक्त सकाळी बाप घरी आला की कप धरायची भीती वाटायला लागते. आणि भीतीनं थरथरणाऱ्या हातातून कप आणखी सांडतो. त्याला जवळ घेऊन सांगा की चूक तुझी नव्हती, बाबाची झोप झाली नव्हती आणि बाबानं मारायला नको होतं. एवढंच सांगा, लांबण लावू नका.

मग घरात एक ठराव करा. जागलीहून आल्यापासून सकाळची झोप होईपर्यंत घरात कोणताही निर्णय नाही, हिशेब नाही, तक्रार नाही, पोराचा अभ्यास विचारणं नाही. सोसायटीचं कर्ज, सासरची गोष्ट, शाळेची फी, जे काय असेल ते दुपारी चारनंतर. बायकोनंही सकाळी काही काढायचं नाही आणि तुम्हीही नाही. तरी काही सांडलं, मोडलं, कोणी बोललं, तर एकच वाक्य ठेवा, ‘झोपून उठतो, मग बोलू’, आणि खोलीत निघून जा. हे वाक्य आधीच दोघांनी ठरवलेलं असलं की तिला ते तोडून बोलल्यासारखं वाटत नाही. रागाच्या पहिल्या उसळीत उत्तर शोधू नका, फक्त जागा बदला. कासरा धरणारा उशिरा पोचतो म्हटलं ना, त्याला तेवढा वेळ द्यायचा आहे.

आमचं म्हणणं खरं की खोटं, हे तुमच्या घरीच तपासता येईल. पोराच्या जुन्या वहीत १४ दिवस तीन रकाने भरा. पहिल्यात चोवीस तासांत झालेली एकूण झोप, डुलक्या धरून. दुसऱ्यात किती वेळा आवाज चढला. तिसऱ्यात कशावरून. दुसरा रकाना बायकोला भरू द्या, आपला आवाज आपल्याला कमी ऐकू येतो. पाच तासांखालच्या दिवशी आकडा वाढलेला आणि लागोपाठ दोन-तीन चांगल्या रात्रींनंतर तो उतरलेला दिसला, तर दुखणं झोपेचंच आहे. एकाच रात्रीनंतर उतरला नाही म्हणून निराश होऊ नका. आठवडाभर झोप कापलेल्यांची सावधपणाची कामगिरी तीन रात्री आठ-आठ तास झोपूनही पूर्ण पूर्वीसारखी झालेली नव्हती. चिडचिड त्यापेक्षा लवकर उतरते, पण एका रविवारच्या झोपेत नाही.

वहीतून वेगळंच काही निघालं तर मात्र थांबू नका. दोन आठवडे सहा-सात तास मिळूनही राग तसाच असेल, वेळ आणि अंथरूण दोन्ही असून डोळा लागत नसेल, झोपेत जोरात घोरणं आणि मधेच श्वास अडकणं होतं असं बायको सांगत असेल, किंवा कशातच मन लागत नसेल, तर जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात दाखवा. घोरण्यासाठी कान-नाक-घशाच्या किंवा छातीच्या डॉक्टरकडेही जावं लागेल. आणि जगणं नको असा विचार एकदा जरी मनात आला, तर वही भरायची वाट पाहू नका. त्याच क्षणी बायकोला किंवा भावाला सांगा आणि १४४१६ या, टेलिमानस नावाच्या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या क्रमांकावर फोन लावा. तो विनाशुल्क आहे, रात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं.

डुकरांना कंटाळून कुंपणाच्या तारेत थेट लाईनचा करंट सोडायचा विचार कोणी सुचवला तर मुळीच ऐकू नका. त्यात डुकराआधी माणूस जातो, आणि झोपाळलेला माणूस तर स्वतःच लावलेली तार विसरतो. सौर झटका कुंपणाचा झटका जनावराला हटवतो, मारत नाही. तसंच दिवसा लाईन मिळण्याचा एक रस्ता सौर कृषी पंपाचा आहे. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत सर्वसाधारण कास्तकाराला खर्चाचा १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या कास्तकाराला ५ टक्के हिस्सा भरावा लागतो. विहीर किंवा बोर सातबाऱ्यावर नोंदलेली आहे ना, हे आधी तलाठ्याकडे पाहून घ्या.

त्याला वेळ लागेल. या आठवड्यात करायचं काम म्हणजे धुऱ्याशेजारच्याला गाठून पाळी ठरवणं. आणि ओलिताच्या रात्री पहाटे तीननंतर डोळे मिटायला लागले तर स्टार्टरला ओल्या हातानं हात लावू नका, पाईप बदलायला दहा मिनिटं उशीर झाला तरी चालेल. घरी येताना गाडी न चालवता पायी या.